रंग बदलला, निऱ्या तशाच. छायाचित्रातील साडीचा रंग नेमका कसा पालटतो?

साड्यांच्या कॅटलॉगची पाने चाळताना किंवा विक्रीच्या संकेतस्थळावर एकाच साडीचे निरनिराळे रंग पाहताना एक गोष्ट थोड्या निरीक्षणाने लक्षात येते. डाळिंबी साडी नेसलेल्या तरुणीचा पदर जिथे दुमडला आहे, नेमका तिथेच हळदी साडीचा पदरही दुमडलेला असतो. कमरेजवळची एक निरी किंचित तिरकी गेली असेल, तर बॉटल ग्रीन साडीतही ती तशीच तिरकी असते. खरी साडी पुन्हा नेसली, तर निऱ्या कधीच तंतोतंत तशा पडत नाहीत. म्हणजेच छायाचित्र एकच असते आणि बाकीचे रंग नंतर संगणकावर दिलेले असतात.

यामागचे कारण व्यवहाराचे आहे. एका साडीचे आठ रंग बाजारात आणायचे असतील, तर आठ वेळा नेसवणे, आठ वेळा प्रकाशयोजना जुळवणे आणि तेवढा वेळ मॉडेल, छायाचित्रकार व स्टुडिओ अडकवून ठेवणे खर्चाचे असते. त्यामुळे एका रंगाचे छायाचित्र काढून उरलेले रंग संगणकावर करून घेतले जातात. काम चांगले झाले, तर पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. ते बिघडले, तर साडी प्लास्टिकची वाटते, सावल्या गढूळ होतात किंवा रेशीम सुती दिसू लागते. याहून गंभीर बाब अशी, की पडद्यावरचा रंग प्रत्यक्ष कापडाशी जुळला नाही, तर ग्राहकाच्या हाती भलतीच साडी पडते. म्हणूनच निऱ्या, सावल्या आणि कापडाचा पोत जागच्या जागी ठेवून केवळ रंग बदलणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

एका ठिपक्यात दोन गोष्टी

डिजिटल छायाचित्र हे लहान लहान ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत नोंदवलेले असते. मात्र कॅमेरा ज्याची नोंद करतो, तो निव्वळ कापडाचा रंग नसतो. कापडावर पडलेल्या उजेडापैकी जेवढा उजेड कापडाने परत पाठवला, तेवढ्याचीच ती नोंद असते. एका बाजूला निरीच्या उंचवट्यावर जास्त आणि खोलगट भागात कमी पडलेला उजेड, दुसऱ्या बाजूला कापडाला दिलेला रंग. या दोहोंचा गुणाकार होऊन पिक्सेलचा आकडा ठरतो.

निऱ्या, सावल्या आणि विणीचा पोत हे सारे पहिल्या घटकात, म्हणजे उजेडाच्या चढउतारात दडलेले असते. रंग तेवढा दुसऱ्या घटकात असतो. त्यामुळे रंग पालटायचा तर पहिल्या घटकाला धक्का न लावता केवळ दुसरा बदलावा लागतो. रंगारी कापड नव्या रंगात बुडवण्यापूर्वी त्याचा जुना रंग काढतो, तसेच काहीसे येथेही करावे लागते. आधी छायाचित्रातील साडी पांढरी करून घ्यायची आणि मग त्या पांढऱ्या साडीवर नवा रंग चढवायचा. प्रचलित सोप्या युक्त्यांमध्ये हीच पहिली पायरी वगळली जाते आणि तिथेच घोटाळा होतो.

सोप्या युक्त्या कुठे अडखळतात?

फोटोशॉपमध्ये रंग बदलण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे `Hue/Saturation` या सोयीतील `Hue` ही पट्टी सरकवणे. या पट्टीचा नियम साधा आहे. पिक्सेलमधील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा ती तसाच ठेवते. फक्त कोणता आकडा कोणत्या रंगाच्या वाट्याला जाईल ते बदलते. समजा, डाळिंबी साडीच्या मध्यम उजेडातील भागाचे आकडे लाल १८०, हिरवा ३० आणि निळा ४० असे आहेत. पट्टी पिवळ्याकडे सरकवली, की ते साधारण १८०, १४२, ३० होतात. हा रंग हळदीच्या जवळपास जातो आणि काम झाले असे वाटते. पण याच साडीचा बॉटल ग्रीन करायचा झाला, तर मोठा आकडा १८० च्या खाली येत नाही आणि गडद हिरव्याऐवजी भडक पोपटी रंग पदरी पडतो. मोतिया किंवा राखाडी रंग तर या पट्टीच्या आवाक्यातच नाही, कारण त्यांत तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असावे लागतात.

दुसरी युक्ती म्हणजे साडीवर नव्या रंगाचा एक लेअर पसरून त्याला `Color` हा प्रकार देणे. यात खालच्या चित्राची उजळता कायम राहते आणि रंगछटा तेवढी वरच्या लेअरमधून येते. उजळता आणि रंग वेगळे काढण्याची ही कल्पना नवी नाही. १९८२ मध्ये दूरदर्शनचे प्रक्षेपण रंगीत झाले, तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच एका रात्रीत निकामी झाले नाहीत. प्रक्षेपणात उजळतेचा संदेश वेगळा आणि रंगाचा संदेश वेगळा असे. जुना संच पहिला तेवढा घेई आणि दुसरा सोडून देई. २००४ मध्ये रंगीत स्वरूपात पुन्हा प्रदर्शित झालेल्या ‘मुघल-ए-आझम’मध्येही मूळ कृष्णधवल प्रतिमेची उजळता आधाराला घेऊन तिच्यावर रंग चढवण्यात आले होते.

साडीच्या बाबतीत मात्र ही युक्ती दगा देते. उजळता मोजताना मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेनुसार लाल रंगाला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन दिले जाते. या हिशेबाने आपल्या डाळिंबी साडीची उजळता ७६ भरते. ज्या हळदी कापडाचा रंग तिला द्यायचा आहे, त्याचे त्याच उजेडातील आकडे २००, १६०, ४० असतील, तर त्याची उजळता सुमारे १५८, म्हणजे दुपटीहून अधिक होते. `Color` प्रकार उजळता ७६ वरच धरून ठेवतो. परिणामी हळदीऐवजी साधारण १०३, ७७, ० असा शेवाळी झाक असलेला तपकिरी रंग दिसतो. रंगाला स्वतःची उजळता असते. पिवळा हा पिवळा दिसण्यासाठी उजळच असावा लागतो. जुनी उजळता राखून नवा रंग देणे म्हणूनच फक्त सारख्या गडदपणाच्या रंगांपुरते चालते.

मग उजळता वाढवावी, असे साहजिकच मनात येते. पण ती बेरजेने वाढवली, तर निऱ्या पुसल्या जातात. समजा, साडीच्या सावलीतील भागाची उजळता ३० आणि उजेडातील भागाची ९५ आहे. उजेडाचा भाग सावलीच्या तिप्पट उजळ आहे. दोहोंत ८० मिळवले, तर ११० आणि १७५ उरतात. तिपटीचा फरक दीडपटीवर येतो आणि भरगच्च निऱ्या इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट होतात. सावली आणि उजेड यांतील प्रमाण टिकवायचे, तर बेरीज नव्हे, गुणाकारच हवा.

पहिली पायरी : साडीची सीमा

प्रत्यक्ष कामाची सुरुवात साडीचा भाग इतर चित्रापासून वेगळा करण्यापासून होते. यासाठी `Select > Color Range` ही सोय सारख्या रंगाचे भाग निवडून देते. मात्र डाळिंबी साडीबरोबर ती ओठांचा रंग, कपाळाचे कुंकू, लाल बांगड्या आणि क्वचित तळहाताचा भागही निवडते. ते हाताने वगळावे लागतात. निवड झाली, की तिचा मास्क तयार होतो. मास्कमध्ये पांढरा असलेला भागच पुढच्या सर्व बदलांना सामोरा जातो. काळा भाग सुरक्षित राहतो.

जरीचे काठ आणि बुट्टे येथेच मास्कमधून बाहेर ठेवावे लागतात. जर ही धातूसारखी चमकते आणि तिचा सोनेरी रंग साडी कोणत्याही रंगात रंगवली तरी बदलत नाही. काठ आणि अंग यांची सीमा जिथे धाग्याधाग्याने एकमेकांत शिरते, तिथे मास्कची कड अगदी करवतीने कापल्यासारखी ठेवू नये. साधारण एक पिक्सेल मऊ कड पुरेशी होते. कड त्याहून आत राहिली, तर हळदी साडीभोवती मूळ डाळिंबी रंगाची बारीक रेघ उरते. ती बाहेर गेली, तर काठाच्या सोन्यावर नवा रंग सांडतो.

यात मूळ छायाचित्राचा दर्जाही महत्त्वाचा ठरतो. जेपेग पद्धतीने साठवलेल्या बहुतेक छायाचित्रांत उजळतेची माहिती पूर्ण ठेवली जाते. रंगाची माहिती मात्र उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंनी निम्म्या बारकाव्याने साठवली जाते. एरवी डोळ्याला ते जाणवत नाही. रंग बदलताना मात्र काठाजवळ रंग पाझरल्यासारखा दिसू लागतो. त्यामुळे कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल उपलब्ध असेल, तर तिच्यावरच काम करणे इष्ट.

दुसरी पायरी : साडी पांढरी करणे

आता साडीतील जुना रंग काढायचा. यासाठी साडी राखाडी करण्याचे अनेक मार्ग आहेत, पण येथे एक फारशी चर्चा न होणारी बाब कामी येते. फोटोशॉपमधील `Channels` या पटलात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वेगवेगळ्या राखाडी प्रतिमा पाहता येतात. आपल्या साडीच्या मध्यम उजेडातील भागाचा लाल आकडा १८० असून हिरवा अवघा ३० आहे. साहजिकच लाल चॅनेलमध्ये ती जवळजवळ पांढऱ्या साडीसारखी दिसते आणि हिरव्यामध्ये काळपट. लाल कापड लाल उजेड भरपूर परत पाठवते आणि हिरवा शोषून घेते, त्याचाच हा परिणाम.

निऱ्यांचा चढउतार मात्र तिन्ही चॅनेलमध्ये सारख्याच प्रमाणात असतो, कारण तो उजेडामुळे आलेला असतो. मग ज्या चॅनेलमध्ये साडी सर्वांत उजळ आहे, तोच घेणे फायद्याचे. काळपट चॅनेल उजळवायचा तर आकडे सहासात पटींनी वाढवावे लागतात आणि त्यांच्याबरोबर कॅमेऱ्याने उमटवलेली कणकणही तितकीच वाढते. मग विणीचा पोत जाऊन वाळू पसरल्यासारखी दिसते. डाळिंबी साडीसाठी लाल चॅनेल, गर्द निळ्या साडीसाठी निळा, असा हा हिशेब आहे.

कृती अशी : `Layer > New Adjustment Layer > Channel Mixer` हा लेअर साडीच्या मास्कसह घ्यावा, त्यात `Monochrome` वर खूण करावी आणि `Red` १००, `Green` ०, `Blue` ० असे आकडे द्यावेत. साडी फिकट राखाडी होते. तिच्या सावलीत आता सुमारे ७१, मध्यम भागात १८० आणि उजेडात २२५ असे आकडे दिसतात. त्यावर `Levels` चा लेअर त्याच मास्कसह चढवून उजवीकडील पांढरी खूण २३० वर आणली, की हे आकडे अनुक्रमे सुमारे ७९, २०० आणि २४९ होतात. खूण शून्यापासून मोजलेली असल्याने हा बदल गुणाकाराचाच असतो. सावली आणि उजेडाचे परस्पर प्रमाण ढळत नाही. आता पडद्यावर जी दिसते, ती त्याच निऱ्यांची, त्याच पोताची पांढरी साडी असते.

तिसरी पायरी : नवा रंग चढवणे

यानंतर `Layer > New Fill Layer > Solid Color` घेऊन त्याला `Multiply` हा प्रकार द्यायचा. नावाप्रमाणेच तो वरचा रंग आणि खालची प्रतिमा यांचा गुणाकार करतो. प्रश्न उरतो तो नेमका कोणता रंग निवडावा याचा आणि तिथेच अंदाजाने काम करणारे चुकतात.

खऱ्या हळदी कापडाचा तुकडा त्याच स्टुडिओत, त्याच उजेडात छायाचित्रित केलेला असेल, तर त्याचे आकडे थेट वाचता येतात. वाचताना एकच पिक्सेल न घेता `5 by 5 Average` हा पर्याय निवडावा, म्हणजे एखाद्या धाग्याचा रंग वाचून फसगत होत नाही. आपल्या उदाहरणात मध्यम उजेडातील तुकड्याचे आकडे २००, १६०, ४० आहेत. पांढऱ्या केलेल्या साडीच्या मध्यम भागाचा आकडाही २०० आहे. पूर्ण पांढरा म्हणजे २५५. म्हणून तुकड्याचे तिन्ही आकडे २५५ भागिले २०० या प्रमाणात वाढवायचे. उत्तर येते २५५, २०४, ५१. हाच रंग `Solid Color` मध्ये भरायचा.

पडताळा पाहण्यास सोपा आहे. साडीच्या मध्यम भागात २००, १६०, ४० म्हणजे अगदी तुकड्याचाच रंग येतो. उजेडातील निरीवर साधारण २४९, १९९, ५० आणि सावलीत ७९, ६३, १६ मिळतात. तिन्ही ठिकाणी रंग हळदीच राहतो. फक्त उजेड कमीजास्त होतो. खरे कापड उजेडात आणि सावलीत नेमके हेच करते. बॉटल ग्रीन तुकड्याचे आकडे २०, ७२, ४८ आले, तर त्याच रीतीने २६, ९२, ६१ हा रंग भरावा लागेल. एकदा साडी पांढरी झाली, की पुढचा प्रत्येक रंग हा असा एका ओळीच्या हिशेबाचा प्रश्न राहतो.

खोल निऱ्यांत मात्र थोडी दुरुस्ती लागते. दोन निऱ्यांच्या मधल्या खाचेत उजेड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटत राहतो. कापड उजळ असेल, तर खाचेतही बराच उजेड पोहोचतो. कापड गडद असेल, तर तो तिथेच विझतो. लाल चॅनेलवरून केलेल्या हळदी साडीला त्यामुळे फारसा धक्का बसत नाही, पण बॉटल ग्रीनच्या खाचा प्रत्यक्षापेक्षा फिकट दिसतात. `Curves` ने सावल्या किंचित खाली ओढल्या, की हा दोष निघून जातो.

रेशमाची चकाकी कुठे हरवते?

सुती साडीसाठी एवढे पुरते. रेशमी साडीत मात्र वरच्या पद्धतीने केलेला गडद रंग निस्तेज वाटतो. कारण शोधू गेल्यास ते कापडाच्या भौतिकीत सापडते. धाग्याच्या आत शिरून परतणारा उजेड रंगद्रव्यातून जातो, म्हणून तो रंगीत होतो. काही उजेड मात्र धाग्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो. त्याची रंगाशी गाठच पडत नाही. डाळिंबी रेशमावरची चकाकी म्हणूनच डाळिंबी नसते. दिव्याच्या उजेडासारखी पांढरट असते. परावर्तित उजेडाची अशी दोन घटकांत फोड करून संगणकाला ते वेगळे ओळखता येतील, असे प्रारूप संशोधक स्टीव्हन शेफर यांनी १९८५ मध्ये मांडले होते.

`Multiply` ने सर्वच पिक्सेल हिरव्याने गुणले, तर चकाकीही हिरवी होते. २५५ चा लखलखीत ठिपका २६, ९२, ६१ या गडद हिरव्यावर येऊन थांबतो आणि रेशीम सुती वाटू लागते. चकाकी वेगळी काढून परत वर ठेवणे हाच त्यावर उपाय. येथे मघाशी बाजूला ठेवलेला काळपट हिरवा चॅनेल उपयोगी पडतो. त्यात साडीचा साधा भाग ३० ते ४० च्या आत असतो, तर चकाकीचे ठिपके शंभराच्या वर उठून दिसतात. मूळ छायाचित्रातील हा चॅनेल नव्या लेअरवर चिकटवून, त्याला साडीचाच मास्क लावून, `Image > Adjustments > Levels` मधील काळी खूण साधारण ४५ वर आणली, की साडी काळी पडून केवळ चकाकी शिल्लक राहते. हा लेअर सर्वांत वर ठेवून त्याला `Screen` हा प्रकार दिला, की काळा भाग अदृश्य होतो आणि चकाकी मूळच्या पांढरट रूपात हिरव्या रेशमावर उमटते. जास्त वाटली, तर लेअरची `Opacity` कमी करावी.

साडीबाहेर सांडलेला रंग

साडीचा रंग साडीपुरता राहत नाही. पदराजवळची हनुवटी, दंडाची आतली बाजू, पांढरी जमीन आणि सोन्याचे दागिने यांवर त्याची झाक पडते. हिरव्या साडीवर हनुवटीखाली लालसर छटा तशीच राहिली, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटे वाटते. अशा जागी `Color` प्रकारच्या वेगळ्या लेअरवर अतिशय फिकट, १० ते १५ टक्के ताकदीचा ब्रश फिरवून जुनी झाक मोडली जाते. त्वचेच्या बाबतीत अति केले, तर ती आजारी दिसते. म्हणून येथे कमी करणेच श्रेयस्कर.

जिथे हात टेकावे लागतात

काही छायाचित्रांत मुळातच माहिती नसते. तेजस्वी लाल किंवा राणी रंगाच्या साडीवर प्रखर उजेड पडला, की लाल चॅनेल २५५ वर जाऊन अडकतो. डोळ्याला साडी व्यवस्थित दिसते, कारण उरलेल्या दोन चॅनेलमध्ये निऱ्या असतात. लाल चॅनेल उघडून पाहिला, तर मात्र मोठमोठे कोरे पांढरे पट्टे आढळतात. अशा वेळी `Channel Mixer` मध्ये हिरव्या चॅनेलचा वाटा वाढवून तडजोड करता येते, पण कणकण आणि चकाकीचा हस्तक्षेप सोसावा लागतो. छायाचित्र काढतानाच उजेड किंचित कमी ठेवणे, हा त्यावरचा खरा उपाय.

काळ्या साडीचे दुखणे याच्या उलट आहे. तिच्या तिन्ही चॅनेलमध्ये अंधार असतो. जे दिसते त्यात रंगाहून चकाकीच जास्त. तिच्यापासून मोतिया साडी करणे म्हणजे नसलेल्या निऱ्या रेखाटणे होय. म्हणूनच एकाच साडीवरून अनेक रंग करायचे असतील, तर छायाचित्रासाठी फिकट रंगाची साडी निवडावी. फिकटावरून गडदाकडे जाता येते. परतीची वाट बिकट असते.

धूपछाँव साडीपुढे तर ही सारी पद्धत थिटी पडते. तिचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. निरी ज्या कोनात वळते, त्याप्रमाणे कधी एक तर कधी दुसरा रंग डोकावतो. येथे उजेड बदलला की रंगछटाही बदलते, त्यामुळे एकच नवा रंग गुणून चढवला की साडीचा प्राणच जातो. तीच गत झिरझिरीत पदराची, कारण त्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये पदराबरोबर आतल्या त्वचेचा किंवा पोलक्याचाही रंग मिसळलेला असतो. अशा साड्यांचे प्रत्येक रंगात वेगळे छायाचित्र घेणे, हेच शेवटी स्वस्त पडते.

ग्राहकाच्या दृष्टीने

एकच छायाचित्र अनेक रंगांत वापरणे हा स्वतःहून दोष नव्हे. चित्रपटाला रंग देताना मूळ पोशाखाचा रंग प्रेक्षकाने पाहिलेला नसतो. तिथे पटण्याजोगा रंग पुरेसा ठरतो. साडीच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष कापड चार दिवसांत ग्राहकाच्या हाती येणार असते. तुकडा न पाहता निव्वळ नावावरून ‘अबोली’ किंवा ‘मोरपंखी’ चढवला, की फसगत ठरलेली. पडद्यापडद्यागणिक रंग थोडा वेगळा दिसतो हे खरे. पण त्या सबबीआड अंदाजाने दिलेला रंग लपवता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. खरेदीच्या वेळी दिसलेले छायाचित्र जपून ठेवणे त्यामुळे ग्राहकाच्या हिताचे आहे.

खरेदीपूर्वी चित्र पारखण्याच्या खुणाही आता वाचकांच्या हाती आल्या आहेत. सर्व रंगांत निऱ्या तंतोतंत सारख्या असतील, तर रंग संगणकावर दिलेला आहे. त्यानंतर चित्र मोठे करून काठाजवळ पाहावे. सोन्यावर साडीचा रंग सांडला आहे का, कडेला परक्या रंगाची रेघ उरली आहे का, रेशमाची चकाकी पांढरट आहे की साडीच्याच रंगाची, आणि सावलीत रंग गढूळ होतो की तोच राहून फक्त गडद होतो, हे तपासावे. या जागी घाई दिसली, तर रंग जुळवतानाही घाई झाली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी त्या रंगाच्या कापडाचे घडीतले, साध्या उजेडात काढलेले एक छायाचित्र विक्रेत्याकडे मागावे. मॉडेलच्या अंगावरील साडीपेक्षा ते अनाकर्षक असेल, पण कापडाचा खरा रंग त्यातच दिसेल.